कँटीनच्या खाण्यावरचे विधेयक : अभिरूप संसदेतील एका मंत्र्याच्या भाषणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बेळगाव शहरालगतचे मराठी माध्यमाचे एक अनुदानित हायस्कूल. दरवर्षी नववी-दहावीची मुले तिथे अभिरूप संसद भरवतात. गाव, शाळा आणि मुले ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील इथे बदलले आहेत. ज्या वर्षाचे हे प्रकरण आहे त्या वर्षी ४६ मुले सहभागी होती. बैठक ५५ मिनिटांची होती आणि त्यातली २५ मिनिटे एका विधेयकासाठी राखून ठेवली होती. विषय मुलांनीच सुचवला होता : शाळेच्या कँटीनमधले खाणे.

या शाळेत मुलांना खायला मिळण्याच्या तीन जागा आहेत आणि पुढचा सगळा घोळ त्यांच्यातल्या फरकावर उभा आहे. पहिली जागा अक्षर दासोहचे स्वयंपाकघर. कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचे जेवण दहावीपर्यंत मिळते, ते या योजनेतून. दुसरी जागा कँटीन. एक जोडपे ते कंत्राटावर चालवते. तिथे वडापाव, मिरची भजी, उप्पीट, वेफर्सची पाकिटे आणि थंड पेये मिळतात. तिसरी जागा म्हणजे फाटकाबाहेरचा गाडा. भजी आणि गिरमिट विकणारी बाई याच शाळेतल्या नववीच्या एका मुलाची आई आहे.

विधेयक मांडणारी मंत्री नववीची विद्यार्थिनी होती. तालुका पातळीवर वक्तृत्वात तिला दोनदा बक्षीस मिळाले होते, म्हणूनच तिची निवड झाली होती. पहिली अडचण इथूनच आली.

अडचण

तिने लिहिलेल्या पहिल्या भाषणाची सुरुवात अशी होती : 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो.' त्यानंतर शरीर हे मंदिर आहे, मग फास्टफूडचे दुष्परिणाम, आणि शेवटी चार ओळींची कविता. स्पर्धेत हे भाषण चालले असते. संसदेत ते कुठेच बसत नव्हते, कारण त्यात प्रस्ताव नव्हता, कोणत्या खंडात काय आहे ते नव्हते आणि सभागृहाकडून काय हवे आहे तेही नव्हते. संसदेत व्यासपीठ नसते, गुरुजनवर्गही नसतो. तिथे फक्त अध्यक्ष असतात आणि प्रत्येक वाक्य त्यांना उद्देशून बोलायचे असते.

दुसरी अडचण मसुद्यात होती. मुलांनी लिहिले होते : 'शाळेच्या आवारात मैद्याचे, तळलेले व अतिगोड पदार्थ आणण्यास, विकण्यास व खाण्यास मनाई असेल.' वाक्य जोरकस आहे, पण 'आणण्यास' या एका शब्दाने घरचा डबाही बेकायदा ठरतो. आईने दिलेली पुरी-भाजी घेऊन येणारी सहावीतली मुलगी या विधेयकाप्रमाणे गुन्हेगार. 'आवारात' म्हटल्यामुळे अक्षर दासोहचे स्वयंपाकघरही कचाट्यात येत होते. हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते, कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त कँटीनची कढई होती.

समोरचे पर्याय

मार्गदर्शक शिक्षिकांनी मुलांना एक प्रश्न विचारला : या विषयावर आधीच कायदा आहे का? आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा आहे. त्याखाली २०२० मध्ये शाळकरी मुलांच्या आहाराविषयी वेगळे विनियमही निघाले आहेत. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकण्यास त्यांनी मनाई केली आहे. मग नवे विधेयक कशाला? विरोधी पक्षात एखादे हुशार मूल असेल तर पहिला प्रश्न हाच येणार होता.

पहिला पर्याय बंदी घातलेल्या पदार्थांची यादी करण्याचा होता. यादी लिहायला सोपी, ऐकायला ठसठशीत. पण 'मिरची भजी' लिहिले की कांदा भजी सुटतात, आणि यादी वाढवत नेली की मंत्र्याचे भाषण हॉटेलच्या पाटीसारखे ऐकू येते. दुसरा पर्याय विधेयक सोडून नुसता ठराव मांडण्याचा होता. त्यात खंड नसतात, खंडवार मतदानाची भानगड नसते. पण मुलांना विधेयकाची तिन्ही वाचने, म्हणजे मांडणे, विचार आणि संमती, करून पाहायची होती.

तिसरा पर्याय शोधायला आठवडा गेला आणि तो सापडला कँटीनच्या मागच्या दारी. दोन मुलांनी सलग चार दिवस तळणीची कढई पाहिली. सोमवारी तेल पिवळे होते. बुधवारी त्याचा रंग काळ्या चहासारखा झाला आणि वडा सोडल्यावर आलेला फेस खाली बसेना. गुरुवारी कढई नीट तापायच्या आधीच धूर निघू लागला. दरम्यान तेल एकदाही बदलले नव्हते. संपेल तेवढे नवे तेल जुन्यात ओतले जात होते. वारंवार तापवलेल्या तेलात जे घटक साठतात त्यांची मर्यादा नियमांनी २५ टक्के ठरवली आहे, पण ती मोजायला साधन लागते. वापराची नोंद ठेवण्याचे बंधन आहे, पण ते तळणीसाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना. शाळेच्या कँटीनला दिवसाला पाच लिटरही लागत नाही. म्हणजे मर्यादा सगळ्यांना लागू आणि नोंद फक्त मोठ्यांना. ही फट भरून काढणारे विधेयक मांडायचे ठरले. असल्या शोधाने भाषणाला जो पाया मिळतो तो कवितेने मिळत नाही.

मसुदा

विधेयकात आठ खंड ठेवले. सर्वांत जास्त वेळ खंड २ ला, म्हणजे व्याख्यांना दिला आणि तो योग्यच होता. 'उपाहारगृह' म्हणजे शाळेच्या आवारात पैसे घेऊन खाद्यपदार्थ विकण्याची जागा. अक्षर दासोहचे स्वयंपाकघर आणि विद्यार्थ्याने घरून आणलेला डबा यांचा त्यात समावेश होणार नाही. या दोन वाक्यांनी आधीचा घोळ संपला. खंड ४ तेलाचा : नव्या तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहायची, जुन्यात नवे मिसळायचे नाही, तळून झाल्यावर तेल गाळायचे, वापराची नोंद वहीत करायची आणि तिसऱ्या वापरानंतर तेल काढून टाकायचे. खंड ५ मध्ये पाच जणांची देखरेख समिती होती आणि तिच्यात दोन विद्यार्थी. खंड ६ फाटकाबाहेरच्या विक्रीचा. तो घाईत लिहिला गेला आणि पुढे त्यानेच सभागृह तापवले.

विधेयक आरोग्यमंत्र्यांनी मांडायचे की शिक्षणमंत्र्यांनी, यावरही चर्चा झाली. अन्न सुरक्षेचा विषय केंद्रात आरोग्य मंत्रालयाकडे आहे. पण खंड ५ ची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकलेली असल्यामुळे शिक्षणमंत्री ठरले. संसदेला हा कायदा करता येतो का, या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याच्या कागदावर लिहून ठेवले होते : अन्नातील भेसळ आणि शिक्षण हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत.

संबोधनाचा प्रश्न

सीमाभागात हा प्रश्न जरा नाजूक होतो. मोबाईलवर महाराष्ट्र विधानसभेचे कामकाज पाहिलेली मुले 'अध्यक्ष महाराज' म्हणत होती. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला सहलीने जाऊन आलेल्या दोघी 'मान्य सभाध्यक्षरे' म्हणत होत्या. शिक्षिकांनी वाद घातला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, 'आपण लोकसभा भरवतोय, त्यामुळे अध्यक्ष महोदय.' तिथेच विषय संपला.

सदस्यांचा उल्लेखही याच शिस्तीने बसवला. संसदेत नावाने हाक मारत नाहीत, मतदारसंघाने उल्लेख करतात : 'चिक्कोडीचे सन्माननीय सदस्य'. एका मुलीला 'खानापूरच्या सदस्या' व्हायचे होते. पण खानापूर विधानसभेचा मतदारसंघ आहे. लोकसभेला तो तालुका उत्तर कन्नडमध्ये येतो, म्हणून तिच्या बाकावर 'उत्तर कन्नड' ही पाटी लागली. 'खोटे' हा शब्द वर्ज्य ठरवला. त्याऐवजी 'वस्तुस्थितीला धरून नाही' असे म्हणायचे.

भाषण

बहुतेक शाळांत मंत्री उभा राहतो आणि विधेयक मांडतानाच सगळे भाषण करून टाकतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी पावले आहेत. आधी विधेयक मांडण्याची अनुमती मागायची, आणि ती मिळाल्यावर एकच वाक्य बोलायचे. भाषण येते त्यानंतर, विचारार्थ प्रस्तावावर. खऱ्या संसदेत या दोन पावलांत दिवसांचे अंतर असते. इथे ते एका प्रश्नोत्तराएवढे ठेवले.

'अध्यक्ष महोदया, शाळांच्या उपाहारगृहांतील खाद्यपदार्थांची सुरक्षितता आणि त्यांवरील देखरेख यांसाठी तरतूद करणारे विधेयक मांडण्यास अनुमती देण्यात यावी, असा प्रस्ताव मी मांडते.'

अध्यक्षांनी प्रस्ताव मताला टाकला, 'होय'चे बहुमत झाले. मग मंत्री म्हणाली, 'अध्यक्ष महोदया, मी विधेयक मांडते.' हे दुसरे वाक्य मुले हमखास गाळतात. ते गाळले तर अनुमती मिळूनही विधेयक मांडलेलेच नसते.

पुढचे भाषण पाच मिनिटांचे होते. त्याचा मुख्य भाग असा :

'अध्यक्ष महोदया, शालेय उपाहारगृह (अन्न सुरक्षा व देखरेख) विधेयक विचारात घेण्यात यावे, असा प्रस्ताव मी मांडते. या विषयावर कायदा असताना नवे विधेयक का, असा प्रश्न सन्माननीय सदस्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अध्यक्ष महोदया, २०२० च्या विनियमांनी शाळेत काय विकू नये हे सांगितले आहे. हे विधेयक त्याची पुनरुक्ती करत नाही. जे विकले जाते ते कोणत्या तेलात तळले जाते, हे कोणी पाहायचे, एवढेच ते ठरवते.

'दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याला नोंद ठेवावी लागते. शाळेचे उपाहारगृह त्या मर्यादेच्या फार खाली आहे. म्हणून मोठ्या हॉटेलातल्या गिऱ्हाईकाला जे संरक्षण मिळते, ते बारा वर्षांच्या मुलाला मिळत नाही. ही उणीव खंड ४ दूर करतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक वही, एक गाळणी आणि डब्यावर तारीख लिहायला एक खडू लागतो.

'अध्यक्ष महोदया, हे विधेयक कोणाचा डबा उघडून पाहणार नाही. खंड २ मध्ये ते स्पष्ट केले आहे. अक्षर दासोहच्या भोजनाची देखरेख त्या योजनेच्या नियमांनी होते, तीत हे विधेयक हस्तक्षेप करत नाही. उपाहारगृह चालवणारे आमचे विरोधक नाहीत. तिसऱ्या वापरानंतर तेल काढून टाकल्याने त्यांचा खर्च वाढेल, हे शासनाला मान्य आहे. म्हणून खंड ५ मधील समितीने दर ठरवताना तो खर्च विचारात घ्यावा, अशी तरतूद केली आहे. वडा एक रुपयाने महाग झाला तरी चालेल, पण तो कोणत्या दिवशीच्या तेलातला आहे हे मुलाला कळले पाहिजे. सन्माननीय सदस्यांनी या विधेयकाला पाठिंबा द्यावा, अशी मी आपल्यामार्फत विनंती करते.'

'आपल्यामार्फत' हा शब्द मुद्दाम ठेवला होता. तो जिभेवर बसला की वक्त्याचा चेहरा आपोआप अध्यक्षांकडे वळतो.

सभागृहात काय घडले

सरावात अध्यक्ष मुलगा होता. आदल्या दिवशी त्याला ताप आला आणि दहावीची एक मुलगी त्या खुर्चीत बसली. त्यामुळे मंत्री पहिल्या मिनिटात दोनदा 'महोदय' म्हणाली, मग सावरली.

खरी परीक्षा खंड ६ वर झाली. तो असा होता : 'शाळेपासून ५० मीटरच्या आत खाद्यपदार्थांचा गाडा लावता येणार नाही.' विरोधी बाकावरून उठला तो गाडेवाल्या बाईंचा मुलगा. त्याच्या हातात कागद होता, पण त्याने तो पाहिला नाही. थेट मंत्र्याकडे बघून म्हणाला, 'मग आमच्या आईनं गाडा कुठं लावायचा?' मंत्रीही तिथल्या तिथे बोलून गेली, 'तुझ्या आईबद्दल कोण बोललंय?'

सभागृहाची शिस्त संपली होती. आता दोन वर्गमित्र भांडत होते आणि ४४ मुले बघत होती. शिक्षिका उठायच्या बेतात होत्या, पण उठल्या नाहीत. हा निर्णय त्यांनी जाणूनबुजून घेतला. अध्यक्षांच्या खुर्चीतल्या मुलीने घंटी वाजवली : 'सन्माननीय सदस्य आणि सन्माननीय मंत्री, दोघांनीही आपले म्हणणे अध्यक्षांना उद्देशून मांडावे. सदस्यांनी आपला मुद्दा पुन्हा मांडावा.'

मुलाने श्वास घेतला. 'अध्यक्ष महोदया, आत्ताच्या विनियमांत गाडा लावायला बंदी नाही. अपायकारक पदार्थ मुलांना विकायला बंदी आहे. मंत्रिमहोदयांचा खंड ६ कायद्याच्याही पुढे गेला आहे. गाडा लावणाऱ्याने शेंगा उकडून विकल्या तर त्या का बंद करायच्या?' मुद्दा बिनतोड होता. 'खाद्यपदार्थांचा गाडा लावता येणार नाही' याऐवजी 'अपायकारक पदार्थ विद्यार्थ्यांना विकता येणार नाहीत' असे शब्द घालावेत आणि सहा महिन्यांची मुदत द्यावी, अशी सुधारणा त्याने तोंडी सुचवली.

इथे प्रक्रियेची अडचण आली. सुधारणेची सूचना आदल्या दिवशी लेखी द्यावी लागते आणि ती दिलेली नव्हती. सत्ताधारी बाकावरून हरकतीचा मुद्दा निघाला. अध्यक्षांना सूचनेच्या मुदतीत सूट देता येते. ती देऊन मुलीने सुधारणा घेतली, पण ती कागदावर लिहून मागितली. तेवढ्या दोन मिनिटांत मंत्र्याने शेजारच्या मंत्र्याशी बोलून घेतले आणि उत्तर दिले : 'अध्यक्ष महोदया, सन्माननीय सदस्यांनी दाखवलेली उणीव खरी आहे. खंड ६ चा हेतू पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा आहे, कोणाचा व्यवसाय बंद करण्याचा नाही. शासन ही सुधारणा स्वीकारत आहे.' दोन्हीकडची बाके वाजली.

निष्पन्न

विधेयक सुधारणेसह आवाजी मतदानाने संमत झाले. एक चूक राहिली. अध्यक्षांनी खंड १ आधी मताला टाकला. लोकसभेत खंड २ पासून सुरुवात होते. संक्षिप्त नाव असलेला खंड १, अधिनियमन सूत्र आणि विधेयकाचे पूर्ण नाव शेवटी घेतात, कारण मधल्या खंडांत बदल झाला तर नावही बदलावे लागू शकते.

अभिरूप संसदेचे विधेयक कोणालाही बांधील नसते. तरी मुख्याध्यापकांनी खंड ४ कँटीन चालवणाऱ्या जोडप्यापुढे ठेवला. नोंदवही जेमतेम दोन आठवडे भरली गेली, मग पाने कोरी राहिली. तळणीच्या घाईत पिठाच्या हातांनी वही कोण उघडणार? डब्यावर खडूने तारीख लिहिणे मात्र टिकले, कारण त्याला फक्त पाच सेकंद लागतात. नवे तेल जुन्यात ओतणेही थांबले. तारीख लिहिलेल्या डब्यातले तेल कालच्या कढईत ओतायला हात धजत नाही, असे कँटीनवाल्या काकूच म्हणाल्या. वडा एक रुपयाने वाढला.

वेगळे काय करता आले असते

गाडेवाल्या बाईंचा मुलगा सभागृहात असणार हे सर्वांना माहीत होते. खंड ६ लिहिताना त्यालाच मसुदा समितीत घेतले असते तर कायद्यापुढे जाणारे ते वाक्य आधीच पकडले गेले असते, आणि त्याला आपल्या आईचा विषय भर सभेत काढावा लागला नसता. मसुदा तयार झाला की प्रत्येक खंडापुढे 'हा कोणाला लागेल?' असे विचारून खरी माणसे लिहायची. इथे त्या यादीत तीनच नावे आली असती.

शिक्षिका गप्प राहिल्या ते योग्य झाले, पण त्यात जोखीम होती. अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेली मुलगी आदल्या दिवशीच नेमलेली होती आणि तिने हात टेकले असते तर तो मुलगा एकटा पडला असता. अध्यक्षांसाठी तीन वाक्यांचे कार्ड खुर्चीपुढे असावे : अध्यक्षांना उद्देशून बोला, मुद्दा पुन्हा मांडा, शब्द मागे घ्या. यापलीकडे फारशी तयारी लागत नाही. राखीव अध्यक्षालाही किमान एक सराव मिळायला हवा.

खर्चाबद्दल मंत्री वाचली, कारण कोणी विचारले नाही. समितीच्या बैठका, वह्या, फलक यांचा खर्च सरकारी निधीतून होणार असेल तर विधेयकाला खर्चाचा अंदाज देणारे वित्तीय ज्ञापन जोडावे लागते आणि ते या विधेयकाला नव्हते. पुढच्या वर्षी विरोधी पक्षाला मसुदा दोन दिवस आधी द्यायचा आणि सुधारणांच्या सूचनेचा अर्ध्या पानाचा नमुना छापून ठेवायचा, असे ठरले आहे. त्यावर चारच रकाने आहेत : खंड क्रमांक, वगळायचे शब्द, घालायचे शब्द आणि सदस्याचा मतदारसंघ.